क्रेमायेर टांगायला या: एका फ्रेंच आमंत्रणाचा उलगडा

माझी भाची फ्रान्समध्ये लियोंला शिकायला गेली, त्याला आता वर्ष होत आलं. मी इथे पुण्यात फ्रेंच शिकवते, त्यामुळे तिच्या अडलेल्या ओळी माझ्याकडे येतात. जूनच्या सुरुवातीला, एका मंगळवारी रात्री तिचा फोन आला. आवाज घाबरलेला. "मावशी, प्रयोगशाळेतल्या एका जोडप्याचा मेसेज आलाय. शब्दकोशात बघितलं तर ते म्हणतायत, फाशीला या."

शब्दकोश खोटं बोलत नव्हता. मेसेजचा विषय होता 'पांदेझों द क्रेमायेर', आणि 'पांदेझों' या शब्दाचा पहिला अर्थ खरोखरच फाशी असा आहे. टांगणे, लटकवणे या अर्थाच्या 'पांद्र' या क्रियापदापासून तो आलाय. आजच्या फ्रेंचमध्ये हा शब्द मुख्यतः दोनच ठिकाणी भेटतो, एक फाशीच्या बातमीत आणि दुसरा नव्या घराच्या आमंत्रणात. म्हणून आधी क्रेमायेर म्हणजे काय ते सांगते. ते कळलं की पुढचं आमंत्रण वाचायला सोपं जातं.

जुन्या फ्रेंच घरात स्वयंपाक भिंतीतल्या मोठ्या चुलाण्यात, धुराड्याखाली व्हायचा. त्यात वरून एक लोखंडी पट्टी लोंबकळत असे. पट्टीला करवतीसारखे दाते आणि खाली आकडा. आकड्याला हंडा अडकवायचा. आच जास्त झाली की हंडा एक-दोन दाते वर चढवायचा, कमी पडली की खाली उतरवायचा. गॅसचं बटण फिरवून आपण जे करतो, ते तिथे हंडा वरखाली करून व्हायचं. ही दातेरी पट्टी म्हणजे क्रेमायेर. घर बांधून झालं की ती सगळ्यात शेवटी टांगली जाई. मग त्याच चुलीवर पहिलं जेवण शिजे आणि घर उभं करायला ज्यांनी हात लावला, त्यांना ते वाढलं जाई. चुलाणी गेली, पट्ट्या गेल्या, पण नव्या घरातल्या पहिल्या मेजवानीला आजही 'क्रेमायेर टांगणं' म्हणतात. बोलताना तर नुसतं 'क्रेमायेर' म्हटलं तरी पुरतं.

भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे आपण दूध उतू घालवतो, तसंच." अगदी तसं नाही, पण मूळ एकच. दोन्हीकडे घर चुलीपासून सुरू होतं. आपल्याकडे भाऊ वेगळा झाला तर त्याने वेगळी चूल मांडली असं म्हणतो. फ्रान्समध्येही पूर्वी कर बसवताना घरं मोजायची म्हणजे 'फ' मोजायचे, आणि 'फ' म्हणजे विस्तव. फरक असा की क्रेमायेरला मुहूर्त नसतो, पूजा नसते, भटजी नसतात. सामान लागलं, खोकी उघडून झाली आणि सगळ्यांना जमेल असा शनिवार सापडला की झालं. घरात राहायला जाऊन दोन-तीन महिने उलटल्यावरसुद्धा क्रेमायेर होते आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

लियोंच्या माणसाला हा शब्द आणखी एका ठिकाणी रोज भेटतो. तिथल्या मेट्रोची सी मार्गिका क्र्वा-रूसच्या चढावर जाते. तो चढ इतका उभा आहे की रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवलेली आहे आणि गाडीखालचं दातेरी चाक त्या दात्यांत अडकत वर सरकतं. आपल्या देशात निलगिरीची गाडी तशीच चढते. त्या पट्टीलाही फ्रेंचमध्ये क्रेमायेरच म्हणतात. आणि योगायोग असा की भाचीला बोलावणाऱ्या जोडप्याचं नवं घर त्याच मार्गिकेवर, क्र्वा-रूस स्थानकाजवळ होतं.

आता मेसेज. उच्चार देवनागरीत देते, अनुस्वार नाकात म्हणायचे.

"ओं पां ला क्रेमायेर साम्दी १३ ज्वें, आ पार्तीर द १९एच३०. आपेरो दिनात्वार, फासों ओबेर्ज एस्पान्योल. लियों ४, मेट्रो क्र्वा-रूस, चौथा एताज सां-झासांसर, पोर्त द्र्वात. तनू देकोंत्राक्ते, आवेक युन तूश द जोन. मेर्सी द नू दीर आवां ल ८ ज्वें सी वू वने, ए आ कोंब्यें. बीझ."

शेवटी दोघांची पहिली नावं आणि इमारतीच्या दाराचा कोड. बस. चार-पाच वाक्यांत तारीख, जागा, कपडे आणि उत्तराची विनंती, सगळं आलं. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य नवख्या माणसाला चुकवू शकतं.

तारखेपासून धरू. मेसेजमध्ये शनिवार १३ जून असं स्वच्छ लिहिलं होतं, तरी भाचीचा गोंधळ झाला होता. मेसेज आला त्याच दिवशी कॉफी पिताना एक सहकारी तिला म्हणाला होता, "येतेस ना, साम्दी आं वीत?" साम्दी म्हणजे शनिवार, वीत म्हणजे आठ. तिने अर्थ लावला, शनिवारी, आठ तारखेला. पण आठ तारखेला तर सोमवार होता. मग आपण तारीख चुकीची वाचली की काय, या विचारात ती पडली.

इथे मराठी माणसाला खरं तर अडायलाच नको. आपण आठवडा म्हणतो तो आठावरून, जरी त्यात दिवस सातच असतात. 'आठ दिवसांनी ये' म्हटलं की मंगळवारी सांगितलेलं काम पुढच्या मंगळवारी होतं, बुधवारी नाही, कारण आपण आजचा दिवसही धरतो. फ्रेंच लोकही आजचा दिवस धरतात. त्यांचे 'वी जूर', म्हणजे आठ दिवस, हा एक आठवडा असतो, आणि 'कँझ जूर', म्हणजे पंधरा दिवस, हा आपला पंधरवडा, चौदा दिवसांचा. 'साम्दी आं वीत' म्हणजे येत्या शनिवारपासून आठ दिवसांनी येणारा शनिवार, म्हणजे त्याच्या पुढचा. तो मंगळवार २ जूनचा होता. येता शनिवार ६ तारखेला, त्यापुढचा १३ ला. सहकारी आणि मेसेज एकच तारीख सांगत होते. माझ्या वर्गात इंग्रजीतून विचार करणारी मुलं या ठिकाणी हमखास चुकतात. त्यांना मी म्हणते, आजी कशी बोलायची ते आठवा.

वेळ 'आ पार्तीर द १९एच३०', म्हणजे साडेसातपासून. एच हे अक्षर 'अर', म्हणजे तास, या शब्दाचं. घड्याळ चोवीस तासांचं. 'पासून' हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण त्याचा अर्थ साडेसातच्या ठोक्याला हजर राहा असा नाही. फ्रान्समध्ये कोणाच्या घरी जेवायला जाताना साधारण पंधरा मिनिटं उशिरा पोहोचणं हा शिष्टाचार आहे. त्याला नावही आहे, 'कार दर द पोलितेस', सभ्यतेचा पाव तास. यजमानाला शेवटचा हात फिरवायला तेवढा वेळ द्यायचा. पावणेआठ ते आठच्या दरम्यान दार वाजवलं तर अगदी ठीक. सव्वासातला पोहोचणं मात्र खरोखर चुकीचं. आपल्याकडे जवळचं माणूस लवकर येऊन कांदा चिरायला बसतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. तिथे तुम्ही लवकर गेलात तर ओल्या केसांचा यजमान दार उघडेल आणि त्याला काय बोलावं ते सुचणार नाही.

पुढचं वाक्य सगळ्यात फसवं. 'ओबेर्ज एस्पान्योल' म्हणजे शब्दशः स्पॅनिश खानावळ. भाचीला वाटलं, कार्यक्रम हॉटेलात आहे आणि खाली दिलेला पत्ता त्या हॉटेलचा. पण हा वाक्प्रचार आहे. पूर्वीच्या प्रवाशांत अशी समजूत होती की स्पेनमधल्या धर्मशाळांत खायला काही मिळत नाही, आपण बरोबर नेऊ तेच आपल्या पानात पडतं. तेव्हा 'स्पॅनिश खानावळीच्या पद्धतीने' म्हणजे प्रत्येकाने काहीतरी घेऊन यायचं. हे वाक्य न समजता रिकाम्या हाताने गेलेला पाहुणा मनातून खूप ओशाळतो. त्याला कोणी काही बोलत नाही, पण टेबलावर नऊ ताटल्या असतात आणि दहावी कुठे आहे हे त्याचं त्यालाच दिसतं.

किती न्यायचं ते 'आपेरो दिनात्वार' या दोन शब्दांवरून ठरतं. आपेरो म्हणजे जेवणाआधीचं पेय आणि थोडं तोंडात टाकायला. नुसता आपेरो असेल तर नऊ-साडेनऊला उठून घरी जाऊन जेवायचं. दिनात्वार जोडलं की तेच खाणं जेवणाची जागा घेतं. ताटं मांडून पंगत बसणार नाही, लोक उभ्याने, हातात छोटी बशी घेऊन, गप्पा मारत खातील. म्हणून पदार्थ असा हवा की तो गार चांगला लागेल, हाताने उचलता येईल आणि यजमानाच्या स्वयंपाकघरात जाऊन भट्टी तापवावी लागणार नाही. रस्सा-भात इथे चालत नाही. भाचीने कोथिंबीर वडी न्यायचं ठरवलं. हरभऱ्याचं पीठ लियोंमध्ये सहज मिळतं आणि वडी गार झाली तरी बिघडत नाही.

काही आमंत्रणांत 'काही आणू नका, फक्त हसरा चेहरा आणा' अशा अर्थाची ओळ असते. तिथेही हात रिकामा ठेवत नाहीत. वाइनची बाटली, एखादी कुंडी किंवा फुलं नेतात. फुलांबद्दल एक गोष्ट मात्र मराठी माणसाला सांगितलीच पाहिजे. शेवंती नेऊ नका. आपल्याकडे शेवंती देवाला वाहतात, दाराच्या तोरणात ओवतात, म्हणून नव्या घरासाठी तीच पहिली सुचते. फ्रान्समध्ये शेवंती स्मशानातली. १ नोव्हेंबरच्या तूसांला, सर्व संतांच्या दिवशी, लोक शेवंतीच्या कुंड्या घेऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर ठेवायला जातात. नव्या घराच्या उंबऱ्यावर शेवंती घेऊन उभं राहणं म्हणजे गृहप्रवेशाला तिरडीचं सामान नेण्यासारखं होईल. आमच्या भाचीच्या मनात पिवळी शेवंतीच होती, कारण आमंत्रणात पिवळ्या रंगाचा उल्लेख होता. मी तिला सूर्यफुलं घ्यायला सांगितलं.

पत्ता. 'लियों ४' म्हणजे शहराचा चौथा विभाग. टपालाच्या पाच आकड्यांतही तो दिसतो. ६९००४ मधले पहिले दोन आकडे रोन जिल्ह्याचे, शेवटचा चार विभागाचा. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला वेगळा आणि त्यावर पहिला, त्यामुळे चौथा एताज म्हणजे आपला चौथा मजला. 'सां-झासांसर' म्हणजे लिफ्ट नाही. ही ओळ क्र्वा-रूसमध्ये जरा गंभीरपणे घ्यावी. हा रेशीम विणकरांचा भाग. एकोणिसाव्या शतकात तिथे जकार्ड माग बसवण्यासाठी इमारती बांधल्या. माग उंच, म्हणून खोल्यांची छतंही सुमारे चार मीटर उंच ठेवली. तिथले चार मजले म्हणजे आपल्या नेहमीच्या इमारतीतले पाच-साडेपाच समजा. वडीचा डबा, फुलं आणि टाचांचे बूट एवढं सगळं घेऊन ते चढायचं, याचा विचार कपडे ठरवताना करायचा.

'पोर्त द्र्वात' म्हणजे उजवीकडचं दार. जुन्या फ्रेंच इमारतींत सदनिकांना बहुधा क्रमांक नसतात. जिना चढून आल्यावर तुमच्या उजव्या हाताचं दार, एवढीच खूण. यातला शेवटचा 'त' ऐकू येणं महत्त्वाचं. फोनवर कोणी 'तू द्र्वा' म्हणालं तर त्याचा अर्थ 'सरळ' होतो. उजवं ते 'द्र्वात' आणि सरळ ते 'द्र्वा'.

आता दाराची गोष्ट, ज्यात आपली माणसं रस्त्यावर अडकतात. मेसेजमध्ये दिलेला कोड इमारतीच्या बाहेरच्या दाराचा. तो दाबला की तुम्ही जिन्यापाशी पोहोचाल, पण अनेक इमारतींत आत आणखी एक दार असतं आणि त्याला इंटरफोन. त्या इंटरफोनवर आडनावं लिहिलेली असतात. मेसेजच्या शेवटी मात्र पहिलीच नावं असतात. प्रयोगशाळेत वर्षभर एकत्र काम केलं तरी आडनाव माहीत नसणं तिथे सहज शक्य आहे. मग वीस आडनावांच्या यादीसमोर माणूस उभा राहतो, आणि वर गाणी चालू असल्यामुळे फोन कोणी उचलत नाही. आडनाव आधीच विचारून ठेवावं.

कपड्यांची ओळ छोटी आहे. 'तनू' म्हणजे वेश. 'देकोंत्राक्ते' म्हणजे ताण नसलेला, सैल, साधा. जीन्स आणि चांगला शर्ट किंवा कुर्ता चालतो. घरात झोपताना घालतो ते नाही. हाच शब्द बदलला की अर्थ फार बदलतो. 'तनू द वील', शब्दशः शहरातला वेश, दिसायला साधा वाटतो, पण तिथे पुरुषांनी सूट घालावा आणि बायकांनी नीटनेटका ड्रेस, अशी अपेक्षा असते. 'तनू द स्वारे' त्याहून वरचं. 'देगीझे' हा शब्द दिसला तर सोंग घेऊन जायचं असतं, चाच्याचं किंवा राजाचं, आणि एकटेच साध्या कपड्यांत गेलात तर वेगळे पडाल. आमच्या मेसेजात 'युन तूश द जोन' होतं. तूश म्हणजे स्पर्श, पिवळ्याचा एक स्पर्श. भाचीला वाटलं, सगळ्यांनी हळदीच्या समारंभासारखं पिवळं घालायचं. नाही. कानातले, रुमाल, मोजे, काहीतरी एक. तिने निळ्या कुर्त्यावर पिवळी ओढणी घेतली आणि सपाट चपला घातल्या.

उरली उत्तराची विनंती, आणि माझ्या मते आपल्यासाठी सगळ्यात अवघड हीच. 'मेर्सी द नू दीर' पाहून भाचीला वाटलं, हे आभार मानतायत. पण 'मेर्सी' नंतर 'द' आणि क्रियापद आलं की ती विनंती असते, आणि बऱ्यापैकी ठाम विनंती. तुम्ही हे करालच असं धरून आधीच मानलेले आभार. छापील पत्रिकांवर ज्या जागी आर.एस.व्ही.पी. ही चार अक्षरं असतात, तेच काम इथे हे वाक्य करतं. ती अक्षरं मुळात फ्रेंचच आहेत, 'रेपोंदे सील वू प्ले', कृपया उत्तर द्या. आपल्या पत्रिकेत 'अगत्य येण्याचे करावे' असतं, पण येणार की नाही ते कळवा असं मराठीत सहसा लिहीत नाहीत. चार पानं जास्त मांडायची आपली तयारी असते. तिथे छोट्या घरात खुर्च्या, पेले आणि बाटल्या माणसं मोजून आणल्या जातात.

'आवां ल ८ ज्वें' म्हणजे ८ जूनच्या आधी, म्हणून ७ तारखेच्या रविवारपर्यंत उत्तर गेलेलं बरं. 'ए आ कोंब्यें' म्हणजे किती जण येणार. आपलं 'सहकुटुंब सहपरिवार' या आमंत्रणात गृहीत नाही. खेड्यात चूलबंद आमंत्रण आलं तर त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, झाडून सगळे जेवायला जातात. फ्रेंच आमंत्रण चूलबंद नसतं. ते ज्याला आलं त्याचं. जोडीदाराला आणायचं असेल तर आकडा सांगायचा. आकडा विचारला नसेल तर आधी विचारायचं. भाचीकडे त्या आठवड्यात नागपूरची मैत्रीण राहायला येणार होती. यजमानांना न सांगता तिला नेणं हे आपल्याला आपुलकीचं वाटेल, पण त्यांना अवघड झालं असतं.

'वू' या शब्दानेही ती बिचकली होती. एरवी हे दोघं तिला 'तू' म्हणतात, मग आज 'वू' का? रागावले का? इथेही मराठी मदतीला येते. आपलं 'तुम्ही' आदराचंही आहे आणि अनेकांसाठीही आहे. मेसेज वीस जणांना एकदम गेलेला, म्हणून 'वू'. उत्तर देताना दोघांना मिळून लिहायचं तर तिनेही 'वू' लिहायचं, एकालाच लिहायचं तर 'तू'.

आणि उत्तर स्पष्ट हवं. 'बघते, जमलं तर येते' हे आपलं सौजन्य आहे, तोंडावर नाही म्हणायचं नसतं म्हणून. फ्रेंचमध्ये 'ओं वेरा', बघू या, असं लिहिलं की यजमान मोजदाद करू शकत नाही आणि तुम्ही यायला फारसे उत्सुक नाही असंही वाटतं. येणार नसाल तर एका ओळीत कारण देऊन नाही म्हणावं. त्यात अपमान होत नाही.

आम्ही दोघींनी मिळून उत्तर लिहिलं. मराठीत अर्थ असा: "आमंत्रणाबद्दल खूप आभार, मी आनंदाने येते. त्या दिवशी माझी एक मैत्रीण माझ्याकडे आहे, आम्ही दोघी आलो तर चालेल का? मी भारतातल्या माझ्या भागातला हरभऱ्याच्या पिठाचा आणि कोथिंबिरीचा एक तळलेला पदार्थ आणीन, त्यात मांस नाही. इंटरफोनवर कोणतं आडनाव शोधू?" फ्रेंचमध्ये 'आनंदाने' साठी 'आवेक प्लेझीर' लिहिलं. स्वीकारताना तेवढे दोन शब्द पुरतात.

दहा मिनिटांत उत्तर आलं. मैत्रिणीला जरूर आण. इंटरफोनवर अजून जुन्या भाडेकरूंचंच आडनाव आहे, तेच दाब. आणि तो तळलेला पदार्थ जरा जास्त आण, कारण वीसातले सहा जण मांस खात नाहीत.